वहीतला चमचा कोणता?
घरच्या पाककृती छापायला देण्यापूर्वी

अलीकडे बऱ्याच घरांत दादीजान किंवा नानीजान यांच्या पाककृतींच्या वह्या टाइप करून त्यांचे लहानसे पुस्तक काढले जाते. मुलीच्या निकाहच्या वेळी तिच्या सामानात एक प्रत ठेवतात, परदेशी असलेल्या सुनेला दुसरी पाठवतात. आमच्याही घरात असे काम झाले. दादीजान (अल्लाह त्यांची मगफिरत करो) यांची वही उर्दू लिपीत होती. आमच्या फुप्पींनी ती वाचून सांगितली आणि एका भाच्याने मराठीत टाइप केली. टाइप केलेली पाने हातात आली तेव्हा शुद्धलेखन ठीक होते, पण त्या पानांवरून रांधायला घेतले असते तर अर्धे पदार्थ बिघडले असते. शुद्धलेखनाची चूक दिसते. "पाव"च्या जागी "पाऊण" आले तर ते वाक्य मात्र अगदी बरोबर वाटते. म्हणून अशा चुका वाचून सापडत नाहीत, त्या हिशेब करून शोधाव्या लागतात.

ते कसे, हे डालच्याच्या एका पानावरून सांगतो. बगारा खान्यासोबत आमच्याकडे तो नेहमीच होतो, त्यामुळे चव सगळ्यांच्या ओळखीची होती.

टाइप झालेल्या पानावर असे होते : गोश्त अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ पाऊण किलो, दुधी अर्धा किलो, कांदे दोन, टोमॅटो एक, चिंच ५ ग्रॅम, मीठ ४ चमचे, पाणी एक लिटर, आणि नेहमीचे मसाले. कृतीची सुरुवात : "चिंच भिजत घालून डाळ व गोश्त शिजवावे."

आधी डाळ पाहू. पाऊण किलो म्हणजे साडेसातशे ग्रॅम. गोश्तापेक्षा डाळ जास्त, हे कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला खटकेल. पण खटकणे हा पुरावा नव्हे. कुणाकडे डाळ जास्त घालतही असतील. पुरावा त्याच पानावर होता, पाण्याच्या ओळीत. हरभऱ्याची डाळ रसदार शिजवायची तर साधारण चौपट पाणी लागते. एक लिटर पाण्याला पाव किलो डाळ बरोबर बसते. पाऊण किलो डाळ तेवढ्या पाण्यात तळाला लागली असती. फुप्पींना मूळ वही पुन्हा उघडायला लावली, तर तिथे स्वच्छ "पाव किलो" होते. सांगण्या-ऐकण्यात घोटाळा झाला होता. पाव आणि पाऊण कानाला जवळचे असले तरी त्यांत तिपटीचा फरक आहे. तेव्हा वहीत जिथे जिथे पाव, पाऊण, सवा, पावणेदोन असे शब्द आहेत तिथे मूळ अक्षर डोळ्यांनी पाहावेच. "तीन पाव" असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ साडेसातशे ग्रॅम. तेही टाइप करताना कधी तीन किलो होते, कधी पाव किलो.

चिंचेची गोष्ट वेगळी. अडीच किलोच्या हंडीत ५ ग्रॅम चिंच म्हणजे दोन-चार बोंडे, आंबटपणा जाणवणारही नाही. ही चूक अंकांची होती. उर्दू लेखनात पाचाचा अंक लहान गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नास लिहिले की गोलापुढे एक ठिपका. जुन्या, शाई पसरलेल्या पानावर तो ठिपका डाग समजून सोडला जातो. उलट मराठी अंकांची सवय असलेला माणूस तो गोल शून्य म्हणून वाचतो. दोन आणि तीन यांतही उर्दूत एका दात्याचाच फरक असतो. मराठी वह्यांतही असे घडते. घाईत लिहिलेला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि "१ १/२" मधली जागा गेली की ते "११/२" होते. भिंग घेऊन पाहिले तेव्हा चिंच ५० ग्रॅम निघाली. म्हणजे दोन लिंबांएवढा गोळा. एवढ्या डालच्याला तो योग्यच.

मिठाचा प्रश्न मात्र वहीत पाहून सुटण्यासारखा नव्हता, कारण वहीत खरोखरच "४ चमचे" लिहिले होते. कोणता चमचा? चहाच्या चमच्यात सपाट भरले तर बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम बसते, मोठ्या चमच्यात त्याच्या तिप्पट. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. रस्सेदार पदार्थाच्या एकूण वजनाच्या शंभराव्या भागाइतके मीठ बहुतेकांच्या जिभेला ठीक लागते. गोश्त, डाळ, दुधी, कांदा-टोमॅटो, पाणी आणि कोळ मिळून, वाफ गेल्यावर, आमचा डालचा अडीच किलोच्या आसपास भरतो. त्याला २५ ग्रॅम मीठ हवे. चहाचे चार चमचे म्हणजे २४ ग्रॅम. मोठे चार चमचे म्हणजे ७२ ग्रॅम, तो डालचा तोंडात धरवणार नाही. दादीजान यांच्या मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा अजून घरात आहे. तो चहाच्या चमच्याएवढाच भरला. एक गोष्ट मात्र राहते. त्या खडे मीठ वापरत, आणि खड्यांमध्ये पोकळी राहत असल्याने तेवढ्याच चमच्यात ते वजनाला कमी बसते. म्हणून छापताना आम्ही "बारीक मीठ चहाचे सपाट ३ चमचे, मग चव पाहून" असे केले आणि खाली मूळ शब्द तसाच ठेवला.

ज्या घरात तो चमचा, ती वाटी, ते माप अजून आहे त्यांनी ते आजच वजनकाट्यावर भरून पाहावे. वाटी तांदळाने भरा, पाण्याने भरा, वजन लिहून ठेवा. भांडे मोडीत गेले की वहीतला तो शब्द कायमचा मुका होतो.

जुन्या पानांवर तोळा, छटाक, शेर येतात. एक तोळा साधारण पावणेबारा ग्रॅम, पाच तोळ्यांचा छटाक, ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. आपल्याकडे किलो-ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पासून सक्तीचे झाले, पण बायकांच्या तोंडी शेर त्यानंतरही बरीच वर्षे राहिला. यात एक मोठा खड्डा आहे. गोश्ताचा शेर वजनाचा असतो, पण तांदळाचा शेर बहुतेक वेळा मापाचा, म्हणजे पायलीच्या चौथ्या हिश्श्याचा. हे माप गावागणिक लहानमोठे असे. एकाच पानावर "गोश्त १ शेर, तांदूळ १ शेर" असेल तर ते दोन वेगळे शेर असू शकतात. दोन्हींच्या जागी ९३३ ग्रॅम घातले की बिर्याणीचे प्रमाण ढळते.

तळलेल्या कांद्याचेही तसेच. "कांदा तळून १ वाटी" आणि "१ वाटी कांदा, तळून" यांत नुसता शब्दांचा क्रम बदलला आहे. पण एक वाटी बिरिस्ता व्हायला तीन-चार वाट्या चिरलेला कांदा लागतो. वाटी कच्च्याची की झालेल्याची, हे तांदूळ, डाळ, खोबरे, सगळ्यांबाबत विचारावे.

आता कृतीतले पहिले वाक्य. "चिंच भिजत घालून डाळ व गोश्त शिजवावे." हे वाचून नवी मुलगी काय करील? चिंचेच्या पाण्यात डाळ टाकील. आणि ती डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी करकरीत राहील. डाळीच्या दाण्यातले भाग एकमेकांना धरून ठेवणारा जो चिकट अंश असतो, तो आंबट पाण्यात सहज सुटत नाही, म्हणून दाणा मऊ होत नाही. दादीजान यांनी मुळात दोन वाक्ये लिहिली होती : "चिंच भिजत घालावी. डाळ-गोश्त शिजवावे." त्यांना आठवण हवी होती ती इतकीच, की स्वयंपाकाला लागण्यापूर्वी चिंच वाटीत भिजत टाक. कोळ कधी घालायचा हे त्यांना स्वतःला सांगण्याची गरज नव्हती. टाइप करताना "घालावी"चे "घालून" झाले आणि दोन वेगळी कामे एका हंडीत जाऊन पडली. फुप्पींना विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, कोळ कधी आधी घालतात का? दुधी शिजत आला की मग."

अशी चूक पकडायची आमची रीत सोपी आहे. पेन्सिल घेऊन कृतीत साहित्याचे नाव येईल तिथे खूण करायची आणि साहित्याच्या यादीतही त्याच नावावर खूण करायची. शेवटी यादीत जे बिनखुणेचे राहते ते कृतीतून गळले आहे. कृतीत ज्याला यादी सापडत नाही ते यादीतून गळले आहे, आणि ते बहुधा पाणी किंवा तूप असते. आमच्या पानावर कोळ घालण्याची ओळच नव्हती, हे त्या खुणांवरूनच कळले. पुदिनाही यादीत होता आणि कृतीत नव्हता.

मग प्रत्येक कामापुढे वेळ लिहायची. डाळ तासभर भिजत, डाळ-गोश्त एकत्र शिजायला मंद आंचेवर पंचवीस मिनिटे, दुधीला दहा मिनिटे, कोळ घालून पुन्हा दहा मिनिटे उकळी, पुदिना उतरवताना. वेळा लिहिल्या की "रात्री भिजवलेले गहू" असे खिचड्याच्या पानावर मध्येच लपलेले शब्दही वर येतात. ज्यांना दुपारी चारला पान उघडायचे आहे त्यांच्यासाठी ते पहिल्या ओळीत हवेत.

यानंतर घरातल्या अशा कुणाकडून तो पदार्थ करवून घ्यावा जिने तो कधी केलेला नाही. आम्ही मागे उभ्या राहिलो आणि बोललो नाही. जिथे ती थांबून आमच्याकडे पाहील तिथे पानात काहीतरी कमी आहे. तरी एक सावधगिरी बाळगा. बोअरच्या जड पाण्यातही हरभरा डाळ उशिरा शिजते. म्हणून एकदा डाळ कच्ची राहिली म्हणजे पान चुकले असे लगेच ठरवू नये, गोड्या पाण्यात पुन्हा करून पाहावे.

सगळे करूनही आमच्या वहीतल्या काही जागा सुटल्या नाहीत. एका पानावर "दगडफूल थोडे, खाला घालते तितके" असे आहे. त्या खाला आता हयात नाहीत आणि त्या किती घालत हे सांगणारेही कुणी नाही. तिथे आकडा घालणे सोपे होते, पण तो आमचा आकडा झाला असता. म्हणून ती ओळ आहे तशीच छापली आहे, आणि बाजूला दोन बोटांची जागा मोकळी ठेवली आहे, जिला जमेल तिने लिहावे म्हणून.