पेपरच्या आधीची सिगारेट : डोकं खरंच चालतं का?

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सगळीकडे परीक्षा केंद्राच्या आसपासच्या टपऱ्यांवर सकाळी दहाच्या सुमारास मुलं दिसू लागतात. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, पण टपरी शंभर यार्ड सोडून उभी राहिली की तो विषय संपला. या मुलांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "एक मारली की डोकं चालतं." कोणी सिगारेटबद्दल बोलतो, कोणी गालात दाबलेल्या पुडीबद्दल. अम्मी-अब्बूंनी ओरडलं तर मुलगा मनात म्हणतो, यांना काय माहीत, मला तर फरक जाणवतो. आणि खरं सांगायचं तर त्याला फरक जाणवतो, हे खोटं नाही. तो फरक नेमका कशातला आहे, ते आज आपण समजून घेऊ.

सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटीन फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. मेंदूत लक्ष आणि जागेपणा सांभाळणारे काही ग्राहक बिंदू असतात. ते शरीराच्याच एका रसायनासाठी बनलेले आहेत, पण निकोटीन त्यांच्यावर जाऊन बसतं आणि ते चालू करतं. म्हणून हुशारी वाटते. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत मात्र आणखी एक गोष्ट घडते. निकोटीन सतत येतंय म्हटल्यावर मेंदू असे बिंदू वाढवत जातो. आता ते रिकामे राहिले की बेचैनी सुरू होते : चिडचिड, जांभया, वाचलेली ओळ परत परत वाचावी लागणं. लक्ष न लागणं हे निकोटीनची तलफ आल्याचं एक मुख्य लक्षणच आहे.

म्हणजे सकाळी उठल्यावर मुलाचं लक्ष लागत नाही, कारण रात्रीपासून निकोटीन मिळालेलं नाही. तो सिगारेट ओढतो, लक्ष लागतं. त्याला वाटतं सिगारेटने हुशार केलं. प्रत्यक्षात सिगारेट न ओढणारा त्याच्या शेजारचा मुलगा सकाळपासून त्याच पातळीवर बसलेला असतो. गहाण ठेवलेला दागिना सोडवून आणला म्हणजे घरात नवा दागिना आला, असं होत नाही ना? तसंच आहे हे.

मग निकोटीनचा स्वतःचा काहीच फायदा नाही का? इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे, नाहीतर मुलं आपलं ऐकणार नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेतल्या स्टीफन हाइशमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 41 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास छापला. तलफेचा घोळ नको म्हणून त्यांनी न ओढणारे लोक किंवा नुकतंच निकोटीन मिळालेले लोक यांच्यावरचेच प्रयोग घेतले. लक्ष, हालचालीतली चपळाई आणि थोड्या वेळापुरतं लक्षात ठेवणं, यांत निकोटीनने फायदा दिसला. पण तो छोटा होता. शिवाय अशा चाचण्या कसल्या असतात? दिवा लागला की बटण दाबा, अक्षर दिसलं की ओळखा. फिजिक्सचं गणित कुठल्या सूत्राने सोडवायचं, हे त्या चाचण्या विचारत नाहीत. आणि जो धडा वाचलाच नाही तो निकोटीन आणून देत नाही. ज्याने कधी ओढली नाही आणि "फक्त पेपरपुरती" ओढून बघितली, त्याला तर बहुतेक वेळा चक्कर आणि मळमळच मिळते.

आता घड्याळ लावून बघू. बारावीचा तीन तासांचा पेपर अकराला सुरू होऊन दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो, आणि मुलांना अर्धा तास आधी हॉलमध्ये यावं लागतं. म्हणजे शेवटची सिगारेट साधारण सव्वादहाला. रक्तातलं निकोटीन दर दोन तासांनी जवळपास निम्मं होतं. सव्वाबाराला निम्मं, सव्वादोनला पाव. सुरुवातीची घसरण तर याहूनही वेगाने होते, कारण ते रक्तातून शरीरात पसरतं. थोडक्यात, जी थोडीफार तरतरी आहे ती हॉलतिकीट तपासण्यात आणि पहिल्या सोप्या प्रश्नांत खर्च होते. मोठे प्रश्न शेवटी ठेवायची आपल्या मुलांची सवय असते. ते समोर येतात तेव्हा तलफ डोकं वर काढायला लागलेली असते, आणि हॉलमधून बाहेर जाता येत नाही.

गेल्या काही वर्षांत रमजान आणि बोर्डाचे पेपर एकाच काळात येत आहेत. तेव्हा हे गणित आणखी बिघडतं. सहेरीला पाचच्या सुमारास शेवटची सिगारेट ओढून रोजा ठेवलेला मुलगा अकराला बाकावर बसतो, तेव्हा सहा तास झालेले असतात आणि निकोटीन आठव्या हिश्श्यावर आलेलं असतं. दुपारी डोकं जड होतं, चिडचिड होते. घरातले म्हणतात रोजा लागला. पण त्याच घरातली, तितक्याच तासांचा रोजा ठेवणारी बहीण शांतपणे पेपर लिहून येते. भूक आणि झोप दोघांनाही सारखीच. त्याच्या वाट्याला तलफ वेगळी आली. मोठ्या माणसांमध्येही असर ते इफ्तार या वेळेत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरं नुकसान रात्रीचं. जागून अभ्यास करायचा म्हणून अकरा-बाराला सिगारेट किंवा पुडी घेतली की झोप उशिरा लागते आणि कच्ची लागते. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. सिगारेट-बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, ते वेगळंच. पुडीत धूर नाही, पण निकोटीन आहे आणि ते हळू चढून जास्त वेळ टिकतं. म्हणून तिची सवयही तितकीच घट्ट बसते.

मुलगा "मी फक्त परीक्षेपुरती घेतो" म्हणत असेल तर एक प्रश्न शांतपणे विचारा : सकाळी उठल्यावर किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर मेंदूला सवय चांगलीच जडलेली आहे, असं डॉक्टर धरतात.

पण एक चूक घरच्यांनी करू नये. पेपरच्या आदल्या दिवशी पाकीट सापडलं म्हणून आरडाओरडा करून त्याच दिवशी सोडायला लावायचं, असं नको. सोडल्यावरचा त्रास पहिल्या दिवसातच सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त असतो आणि दोन ते चार आठवडे चालतो. म्हणजे नेमका पेपरवर येतो. फेब्रुवारीत परीक्षा असेल तर सोडायची वेळ डिसेंबर, फार तर जानेवारीची सुरुवात. त्यासाठी 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतात, पण अठराच्या आतल्या मुलाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.