एसटीडी कोडवरून गाव ओळखताना

भारतात लँडलाइनचा एसटीडी कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून सुरुवातीचा शून्य सोडून दहा आकडे होतात. मोठ्या शहरात फोन जास्त, म्हणून तिथला स्थानिक क्रमांक लांब आणि कोड आखूड असतो. मुंबईचा 22, पुण्याचा 20, कोल्हापूरचा 231, साताऱ्याचा 2162.

पडद्यावर 02162 ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो कुठे तोडायचा? शून्य काढून डावीकडून वाचत जावे. 21 किंवा 216 हे कोणत्याच गावाचे पूर्ण कोड नाहीत. 2162 वर सातारा सापडतो आणि मागे सहा आकडे उरतात. एका गावाचा कोड दुसऱ्याच्या कोडची सुरुवात होत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही.

फसगत होते ती 080 पाशी. हा बंगळुरूचा कोड, पण 80 ने सुरू होणारे मोबाइलही आहेत. पुढचा आकडा 2 किंवा 4 असेल, तर लँडलाइन समजावी. 022 मध्ये ठाणे आणि नवी मुंबईही येतात, तेव्हा फोन नेमका मुंबईचाच असे म्हणता येत नाही. शिवाय इंटरनेटवरून लावलेल्या फोनवर खोटा क्रमांकही उमटवता येतो.