घाईत ओढलं तर पोलाद जास्त का तग धरतं?

इमारतीत वापरतात त्या साध्या माइल्ड स्टीलचा नमुना प्रयोगशाळेतल्या यूटीएम मशीनवर सावकाश ओढला, तर एका चौरस मिलिमीटरला सुमारे 250 न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 25 किलोचा भार आला की तो यील्ड होतो. त्यानंतर भार काढला तरी तो मूळ लांबीवर येत नाही. तोच नमुना जोरदार आघाताने ओढला, तर यील्ड व्हायला दुप्पट ताणही लागू शकतो. हे आजचं ज्ञान नाही. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी 1905 मध्येच दाखवलं होतं, की क्षणभरासाठी धातूची तार नेहमीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त ताण बिनतक्रार सोसते.

याचं कारण लोखंडाच्या स्फटिकात आहे. पोलाद कायमचं वाकतं तेव्हा अणूंचे थर एकदम सरकत नाहीत. थरांमधल्या सदोष रेषा, म्हणजे डिसलोकेशन, टप्प्याटप्प्याने पुढे जातात. लोखंडाच्या अणुरचनेत अशा रेषेला प्रत्येक पावलावर एक छोटा अडसर ओलांडावा लागतो. भरीला कार्बनचे अणू तिला चिकटून बसलेले असतात. हे अडसर केवळ ताणाच्या जोरावर ओलांडले जात नाहीत. अणू उष्णतेने सतत थरथरत असतात आणि एखादी मोठी थरथर नेमक्या वेळी आली की रेषा पुढे सरकते. सावकाश चाचणीत अशी संधी पुन्हा पुन्हा मिळते, म्हणून कमी ताणात काम भागतं. आघातात थांबायला वेळच नसतो. उष्णतेची मदत कमी पडते तेवढं काम ताणालाच करावं लागतं. म्हणूनच थंडी आणि वेग यांचा पोलादावर सारखाच परिणाम होतो.

वाढ किती होते? माइल्ड स्टीलसाठी इंजिनिअर काउपर-सायमंड्स सूत्र वापरतात. नमुना सेकंदाला त्याच्या लांबीइतका ताणला जाईल अशा वेगाने ओढला तर यील्ड ताण सुमारे दीडपट येतो. वेग 40 पट केला की तो दुप्पट होतो. म्हणजे वेग 40 पट वाढूनही भर पडली ती अर्ध्याचीच. इथे एक सावधगिरी हवी. आघाताच्या चाचणीत मशीनचे भाग स्वतःच कंप पावतात आणि त्यांची जडत्वाची भर पोलादाची ताकद म्हणून नोंदली जाते. आलेख नागमोडी दिसला की त्यावर विश्वास ठेवू नये. यासाठीच 1949 मध्ये कोल्स्की यांनी दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून त्यांतल्या लहरी मोजण्याची पद्धत दिली.

ही वाढ म्हणजे फुकटची ताकद नव्हे. उच्च ताकदीच्या पोलादात ती प्रमाणाने बरीच कमी असते, कारण तिथले मोठे अडथळे उष्णतेच्या मदतीने ओलांडता येत नाहीत. शिवाय यील्ड ताण चढत गेला तरी तुटण्याचा ताण तसा चढत नाही. थंडीत, खाच पडलेल्या जागी आघात झाला, तर पोलाद वाकण्याआधीच तडकतं. त्यामुळे थंड प्रदेशातल्या कामासाठी पोलाद घेताना यील्डच्या आकड्यावर समाधान मानू नका, त्या तापमानाचा शार्पी चाचणीचा अहवालही मागून घ्या.