सातशे नोंदींवरची फसवी चाचणी

महाराष्ट्रातले अनेक दूध संघ उत्पादकांना दर दहा दिवसांनी पैसे देतात. दहा दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांचा हिशोब लावायचा, त्यातून पशुखाद्याची उचल कापायची आणि बिल काढायचे, असा तो क्रम असतो. या कामासाठी नवे सॉफ्टवेअर बनते तेव्हा ते दाखवण्याच्या दिवशी हमखास वेगाने चालते. बटण दाबताक्षणी बिल पडद्यावर येते, संचालक मंडळ समाधानी होते. चार-सहा महिन्यांनी मात्र त्याच बटणावर बोट ठेवून केंद्राचा सचिव ताटकळत बसलेला दिसतो. मधल्या काळात प्रोग्रॅममध्ये कुणी काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती फक्त साठलेल्या नोंदींची संख्या. हा त्रास सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी जवळपास पूर्णपणे मोजता येतो, आणि मोजायला विशेष खर्चही लागत नाही. म्हणूनच तो उत्पादकांच्या वाट्याला आलेला पाहून वाईट वाटते.

समजा, एका संघाची ४०० संकलन केंद्रे आहेत आणि प्रत्येक केंद्रावर सरासरी १५० उत्पादक दूध घालतात. म्हणजे एकूण ६०,००० उत्पादक. दिवसातून दोन वेळा संकलन धरले, तर रोज १ लाख २० हजार नोंदी होतात आणि वर्षाकाठी ४ कोटी ३८ लाख. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या संगणकावर मात्र चाचणीसाठी ५० खोटे उत्पादक आणि त्यांचे आठवडाभराचे दूध असते. या झाल्या ७०० नोंदी.

आता डेटाबेस या नोंदी वाचतो कसा ते पाहू. उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा मोफत मिळणारा आणि खूप वापरला जाणारा डेटाबेस घेऊ. तो माहिती ८ केबीच्या पानांत ठेवतो. दुधाची एक नोंद लहान असल्याने एका पानात अशा सुमारे १०० नोंदी बसतात. त्यामुळे चाचणीच्या ७०० नोंदी ७ पानांत मावतात, तर वर्षभराच्या नोंदींना ४ लाख ३८ हजार पाने, म्हणजे साडेतीन जीबी जागा लागते. ७ पाने सगळीच्या सगळी वाचली तरी माणसाला काही जाणवत नाही. मोठ्या टेबलात तेच केले, तर त्याची किंमत मोजावी लागते.

एका उत्पादकाच्या बिलासाठी डेटाबेसला विचारला जाणारा प्रश्न, म्हणजे क्वेरी, अशी असते:

```sql
SELECT tarikh, satra, litre, fat, snf, rakkam
FROM sankalan
WHERE utpadak_id = 4512
  AND tarikh BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-10';
```

उत्तरात २० नोंदी यायला हव्यात. त्या शोधण्यासाठी डेटाबेसने काय केले हे त्यालाच विचारता येते. क्वेरीच्या आधी `EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)` लिहिले की तो क्वेरी खरोखर चालवतो आणि तिचा मार्ग सांगतो. योग्य इंडेक्स नसेल आणि समांतर वाचन बंद ठेवलेले असेल, तर उत्तराचा महत्त्वाचा भाग साधारण असा दिसेल:

```
Seq Scan on sankalan
  Rows Removed by Filter: 43799980
  Buffers: shared hit=2112 read=435888
```

`Seq Scan` म्हणजे टेबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. दुसरी ओळ सांगते की ४ कोटी ३७ लाख ९९ हजार ९८० नोंदी तपासून बाजूला टाकल्या. तिसरी ओळ मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात वाचलेल्या पानांची संख्या आहे. `hit` म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या मेमरीत आधीच असलेली पाने, आणि `read` म्हणजे बाहेरून आणावी लागलेली. लागलेला वेळ यंत्रागणिक बदलतो आणि तीच क्वेरी लगेच पुन्हा चालवली तर कमी भरतो, कारण पाने आता मेमरीत असतात. दोन्ही आकड्यांची बेरीज मात्र यंत्र बदलले म्हणून बदलत नाही. चाचणी करताना घड्याळाआधी या बेरजेकडे पाहावे.

सेकंदाला १ जीबी वाचणारी डिस्क धरली, तर या एका बिलाला साडेतीन सेकंद लागतात. हे चालून जाईल असे वाटू शकते. पण बिले ६०,००० आहेत आणि प्रोग्रॅम ती एकामागून एक काढत असेल, तर २ लाख १० हजार सेकंद होतात. म्हणजे ५८ तास. पैसे ११ तारखेला खात्यात जायला हवेत आणि हिशोब संपायलाच १३ तारीख उजाडते.

यावरचा उपाय म्हणजे इंडेक्स. टेलिफोन डिरेक्टरीत नावे आडनावाच्या क्रमाने आणि एका आडनावात पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असत. त्यामुळे ‘कुलकर्णी, सुधा’ पटकन सापडे, पण आडनाव माहीत नसताना सगळ्या सुधा शोधायच्या तर अख्खी डिरेक्टरी चाळावी लागे. इंडेक्समध्येही रकान्यांचा क्रम असाच निर्णायक असतो.

```sql
CREATE INDEX ON sankalan (utpadak_id, tarikh);
```

इथे आधी उत्पादक आणि मग तारीख आहे. डेटाबेस थेट ४५१२ क्रमांकाच्या उत्पादकापाशी आणि तिथून १ मार्चपाशी पोहोचतो. इंडेक्सची चारेक पाने आणि नोंदींची २० पाने, अशी एकूण २४ च्या आसपास पाने वाचून काम होते. क्रम उलटा लावला असता, तर त्या दहा दिवसांतल्या सर्व उत्पादकांच्या १२ लाख नोंदी इंडेक्समध्ये धुंडाळून त्यातून २० निवडण्याची वेळ येऊ शकली असती.

हा इंडेक्स मुळात राहतो कसा, याला एक साधे कारण आहे. पोस्टग्रेस प्राथमिक की असलेल्या रकान्यावर आपणहून इंडेक्स करतो. दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर, म्हणजे फॉरेन कीवर, तो करत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी मात्र करते. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर काम करू लागला की हा फरक नजरेतून सुटतो, आणि ७ पानांच्या टेबलात तो कळायला काही वाव नसतो. इतक्या लहान टेबलात इंडेक्स असला तरी डेटाबेस कित्येकदा तो वापरत नाही. सगळे वाचून टाकणेच स्वस्त पडते, हा त्याचा हिशोब तिथे बरोबरच असतो.

म्हणून चाचणीसाठी ४ कोटी ३८ लाख नोंदी तयार करायच्या. `generate_series` वापरून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या ३६५ तारखा, दोन सत्रे आणि ६०,००० उत्पादक एकमेकांशी जोडले की एका आज्ञेत हे काम होते. पण नुसती संख्या जुळून पुरत नाही, माहितीची ठेवणही खऱ्यासारखी हवी. इथे जाणकारही चुकतात.

पहिली गोष्ट नोंदींच्या क्रमाची. प्रत्यक्षात नोंदी तारखेच्या क्रमाने येतात. एकाच उत्पादकाच्या दोन लागोपाठच्या नोंदींमध्ये इतरांच्या हजारो नोंदी असतात, म्हणून त्याच्या २० नोंदी २० वेगवेगळ्या पानांवर पडतात. चाचणीचा प्रोग्रॅम एकेक उत्पादक घेऊन त्याचे वर्ष भरत गेला, तर त्याच २० नोंदी एक-दोन पानांतच सापडतात आणि क्वेरी आहे त्यापेक्षा कितीतरी हलकी भासते. भरताना `ORDER BY` मध्ये तारीख, सत्र आणि केंद्र हा क्रम ठेवला की हा दोष जातो.

दुसरी गोष्ट विषमतेची. बिलांच्या टेबलात ‘दिले’ किंवा ‘बाकी’ असा एक रकाना असतो. खऱ्या संघात जुनी जवळपास सगळी बिले दिलेली असतात, बाकी असतात ती मूठभर. चाचणीत `random()` ने निम्मी-निम्मी वाटणी केली, तर ‘बाकी’ शोधताना अर्धे टेबलच हवे असते. डेटाबेस इंडेक्स बाजूला ठेवतो आणि करणारा माणूस समजतो की इथे इंडेक्सचा उपयोग नाही. प्रत्यक्षात तिथे फक्त बाकी बिलांपुरता छोटासा इंडेक्स उत्तम चालला असता. केंद्रांचेही तसेच आहे. एखाद्या वाडीवर २० उत्पादक, तर बाजारपेठेच्या गावात हजारभर. काहींच्या गाई आटतात तेव्हा दोन-दोन महिने नोंदच नसते. हा चढउतार चाचणीत हवाच, कारण डेटाबेस मार्ग निवडतो तो माहितीच्या नमुन्यावरून बांधलेल्या अंदाजावर. नोंदी भरून झाल्यावर `ANALYZE` चालवून त्याला तो अंदाज नव्याने बांधू द्यावा. नंतर `EXPLAIN` च्या उत्तरात अंदाजे आणि प्रत्यक्ष नोंदींचे आकडे शेजारीशेजारी दिसतात. त्यांत शंभरपटीचा फरक असेल, तर मार्गही बहुधा चुकलेला असतो.

खऱ्या संघाची माहिती उचलून चाचणीला वापरण्याचा मोह होतो, पण त्यात हजारो लोकांची नावे आणि बँक खाती असतात. केंद्रनिहाय संख्या, दुधाचा चढउतार अशी ठेवण तिथून घ्यावी आणि माणसे काल्पनिक ठेवावीत.

संघाच्या कार्यालयात लागणाऱ्या मासिक अहवालाची गोष्ट निराळी आहे. मार्चचे एकूण संकलन केंद्रवार हवे, तर ३१ दिवसांच्या ३७ लाख २० हजार नोंदी बेरजेत घ्याव्या लागतात. अशा क्वेरीत `to_char(tarikh,'YYYY-MM') = '2025-03'` अशी अट वारंवार दिसते. तारखेला फंक्शनमध्ये गुंडाळल्यामुळे तारखेवरचा साधा इंडेक्स निरुपयोगी होतो आणि वर्षभराच्या नोंदी वाचल्या जातात. अट १ मार्चपासून १ एप्रिलच्या आधीपर्यंत अशी लिहिली की एका महिन्याचाच भाग वाचला जातो. तरीही ३७ लाख नोंदींची बेरीज उरतेच, आणि ती कोणताही इंडेक्स टाळू शकत नाही. रोजचे संकलन संपल्यावर प्रत्येक केंद्राची सत्रवार बेरीज वेगळ्या टेबलात ठेवली, तर दिवसाला ८०० आणि मार्चसाठी २४,८०० नोंदी वाचून अहवाल तयार होतो. जुन्या नोंदीत दुरुस्ती झाली की ती बेरीजही दुरुस्त करायची, एवढी जबाबदारी वाढते. मला हा सौदा निःसंशय फायद्याचा वाटतो.

एवढे पाहिल्यावर प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करून मोकळे व्हावेसे वाटेल. तसे करू नये. वर केलेला एक इंडेक्सच सुमारे १ जीबी जागा घेतो, आणि सकाळी ४०० केंद्रांवर रांगा लागलेल्या असताना येणाऱ्या प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक इंडेक्सही लिहावा लागतो. त्यामुळे संकलनाच्या वेळची लिखाणाची चाचणी इंडेक्स केल्यावर पुन्हा घ्यावी. सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर `pg_stat_user_indexes` मधला `idx_scan` हा आकडा कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते सांगतो. शून्य दिसलेला इंडेक्स काढण्याआधी वर्षअखेरीचे अहवाल आणि दिवाळीच्या बोनसचा हिशोब एकदा होऊन जाऊ द्यावा. काही इंडेक्स वर्षातून त्याच दिवशी लागतात.