लाइट आहे, पण लिंक नाही

ऑप्टिकल फायबरची लिंक बंद पडली की जागेवरचा माणूस बहुतेक वेळा आधी कनेक्टर काढून त्यात डोकावतो. हे मुळीच करू नये. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे बघून काही कळत नाही, आणि लांब पल्ल्याच्या लेसरने डोळ्याला इजा होऊ शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८५० नॅनोमीटरचा ठिपका कधी कधी दिसतो, १३१०चा सहसा दिसत नाही. लाइट किती आहे ते मोजूनच कळते, आणि मोजायची सोय बहुतेक वेळा स्विचमध्येच असते.

साखर कारखान्याच्या आवारात सहज घडेल असा एक प्रसंग घेऊ. ऑफिस आणि वजनकाटा यांच्यात सहाशे मीटर अंतर आहे आणि जमिनीखालून फायबर केबल टाकलेली आहे. दोन्हीकडच्या स्विचमध्ये बोटाएवढे एसएफपी मॉड्यूल बसवलेले आहे. स्विचमधला विजेचा संदेश प्रकाशात बदलायचा आणि आलेला प्रकाश पुन्हा विजेत बदलायचा, हे त्याचे काम. फायबरच्या दोन तारा असतात. एका टोकाचा टीएक्स, म्हणजे पाठवणारा भाग, दुसऱ्या टोकाच्या आरएक्सला, म्हणजे घेणाऱ्या भागाला, जोडलेला असतो.

पावसाळ्यात वीज पडून काट्यावरचे मॉड्यूल जळते. दुकानातून एक-गिगाबिटचे नवे मॉड्यूल येते, खाचेत नीट बसते, पण लिंक काही येत नाही. टीएक्स-आरएक्सच्या तारा उलटसुलट करून पाहिल्या जातात, पॅच कॉर्ड बदलली जाते आणि शेवटी केबल कुठेतरी तुटली असणार असे ठरते. खोदकामाचा विषय निघतो.

इथे थांबून दोन्ही टोकांचे आकडे वाचायला हवेत. सिस्कोच्या स्विचवर `show interfaces transceiver` ही आज्ञा पोर्टमधून किती लाइट जातो आणि किती येतो ते डीबीएममध्ये दाखवते. लिनक्सच्या यंत्रावर `ethtool -m` तेच काम करते. मात्र मॉड्यूलमध्ये मोजमापाची ही सोय असावी लागते. डीबीएमचा हिशेब सोपा आहे: आकडा तीनने उतरला की लाइट निम्मा होतो, दहाने उतरला की एक दशांश. १३१०च्या एक-गिगाबिट मॉड्यूलमधून साधारण उणे ६ लाइट निघतो आणि समोरच्याला उणे १९पर्यंत चालतो. उणे ४० किंवा त्याखालचा आकडा दिसला तर घेणाऱ्या भागापर्यंत काहीच पोचत नाही असे धरावे.

आपल्या प्रसंगात काट्यावरचे मॉड्यूल येणारा लाइट उणे ४० दाखवते. पण तीच तार काढून पॉवर मीटरला लावली आणि मीटर १३१०वर ठेवला, तर उणे ८ येतो. केबल धडधाकट आहे, लाइट काट्यापर्यंत पोचतो आहे. मग मॉड्यूलला तो का दिसत नाही? उत्तर लेबलवर आहे: नवे मॉड्यूल एसएक्स प्रकारचे, ८५० नॅनोमीटरचे आहे. ऑफिसमधले एलएक्स, १३१०चे आहे. ८५०च्या मॉड्यूलमधला प्रकाश टिपणारा डायोड सिलिकॉनचा किंवा गॅलियम आर्सेनाइडचा असतो. १३१०च्या प्रकाशात त्या पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जाच नसते. समोरून कितीही लाइट आला तरी त्या डायोडपुरता अंधारच असतो.

उलट दिशेचे कारण वेगळे आहे आणि ते केबलमध्ये सापडते. लांबच्या अंतरासाठी टाकलेली केबल सिंगल-मोड असते. तिच्या मधला काचेचा गाभा, ज्यातून प्रकाश धावतो, जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा. मल्टी-मोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा. बाहेरची काच मात्र दोन्हींची १२५ मायक्रॉनच, म्हणून कनेक्टर एकमेकांत सहज बसतात आणि चूक हाताला जाणवत नाही. एसएक्सचा प्रकाश पन्नासच्या गाभ्यासाठी असतो. नऊचा गाभा क्षेत्रफळाने त्याच्या तिसाव्या भागाएवढा आहे, म्हणून बहुतेक प्रकाश तोंडाशीच बाहेर सांडतो. ऑफिसकडे पोचतो तो लिंकला अजिबात पुरत नाही.

याच कारणाने आणखी एक फसवी चूक होते. दोन्ही मॉड्यूल १३१०ची आहेत, केबल सिंगल-मोड आहे, पण एका टोकाला कपाटात सापडलेली मल्टी-मोड पॅच कॉर्ड लावली आहे. केबलमधून येणारा प्रकाश अरुंद गाभ्यातून रुंद गाभ्यात शिरतो, तिथे नुकसान फारसे होत नाही. जाणारा प्रकाश रुंदातून अरुंदात शिरताना मोठ्या प्रमाणात वाया जातो. म्हणून ज्या टोकाला ही कॉर्ड आहे तिथे लाइट चांगला दिसतो आणि समोरचे टोक अंधारात राहते. एका दिशेला ठीक आणि दुसरीला मोठी घट असे दिसले, तर कॉर्डचा रंग पाहावा. सिंगल-मोड सहसा पिवळी. मल्टी-मोड नारिंगी किंवा फिकट निळसर-हिरवी. रंगावर थांबू नये, आवरणावर छापलेले ९/१२५ किंवा ५०/१२५ वाचावे.

एकाच तारेवर दोन्ही दिशा चालवणारी बायडाय मॉड्यूल जोडीनेच घ्यावी लागतात. एक १३१०वर पाठवून १४९० किंवा १५५०वर ऐकते, दुसरे त्याच्या बरोबर उलट. दोन्हीकडे एकाच प्रकारचे बसवले, तर दोघेही बोलतात आणि कोणीच ऐकत नाही.

कारखान्यात आता एलएक्स मॉड्यूल आणले, पण वेगळ्या कंपनीचे. यावेळी पोर्टमधून लाइट बाहेरच पडत नाही. मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी असते आणि तिच्यात बनवणाऱ्याचे नाव, प्रकार, तरंगलांबी व वेग नोंदलेले असतात. मॉड्यूल खाचेत जाताच स्विच ते वाचतो. काही कंपन्यांचे स्विच ओळखीचे नाव नसेल तर पोर्ट बंद करून टाकतात. सिस्कोवर अशा वेळी `err-disabled` ही स्थिती दिसते. अनेक सिस्को स्विचवर `service unsupported-transceiver` ही आज्ञा देऊन तो अडसर काढता येतो, मात्र पुढे बिघाड झाल्यास कंपनी मदत नाकारू शकते. त्यापेक्षा आपल्या स्विचसाठी कोडिंग केलेले मॉड्यूल मागवणे चांगले.

शेवटची शक्यता सर्वात चकवणारी. एसएफपी आणि दहा-गिगाबिटचे एसएफपी-प्लस आकाराने सारखेच असतात. एकीकडे एक-गिगाबिटचे एलएक्स आणि दुसरीकडे दहाचे एलआर बसवले, तर दोन्ही १३१०ची, दोन्ही सिंगल-मोडची, लाइटचे आकडेही उत्तम, आणि तरी लिंक नाही. लाइट भरपूर असूनही लिंक येत नसेल, तर केबलला हात लावू नये. दोन्ही टोकांचा वेग तपासावा.

मॉड्यूल मुळात चालते का, हे पाहण्याची साधी रीत आहे. एक छोटी पॅच कॉर्ड त्याच मॉड्यूलच्या टीएक्सपासून आरएक्सला लावावी. पाठवलेल्याच्या जवळपास लाइट परत आला तर मॉड्यूल ठीक. ऐंशी किलोमीटर पल्ल्याच्या मॉड्यूलवर हे प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावल्याशिवाय करू नये, नाहीतर घेणारा भाग जळू शकतो. बायडायवर ही चाचणी चालत नाही, कारण ते स्वतःची तरंगलांबी ऐकत नाही.

ज्यांच्याकडे अशी केबल आहे, त्यांनी प्रत्येक पोर्टशेजारी चार गोष्टी लिहून चिकटवाव्यात: फायबरचा प्रकार, तरंगलांबी, वेग आणि स्विचची कंपनी. लिंक सुरळीत असतानाचा लाइटचा आकडाही त्यातच लिहावा. मॉड्यूल जळेल त्या दिवशी दुकानदाराला हाच कागद दाखवावा, आणि दोन्ही टोकांचे आकडे वाचून होईपर्यंत खोदकाम करणाऱ्याला बोलावू नये.