सोळावर थांबायचं कधी?

ब्लॅकजॅकमध्ये तुमची बेरीज १६ आणि डीलरचा उघडा पत्ता ६ असेल, तर पत्ता मागू नका. तेरापैकी आठ प्रकारचे पत्ते तुम्हाला २१ च्या पलीकडे नेतात. डीलरला मात्र १७ होईपर्यंत पत्ते घ्यावेच लागतात, आणि ६ वरून तो शंभरात साधारण ४२ वेळा बाद होतो. कॅसिनोचा फायदा मुळात खेळाडू आधी बाद होतो यातच आहे. असे निर्णय अचूक घेतले, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर तो सुमारे अर्ध्या टक्क्यावर येतो, संपत नाही.

पत्ते मोजणाऱ्याला उरलेल्या गड्डीत दश्शे-एक्के जास्त आहेत का, हे हवं असतं. ऑनलाइन खेळात सॉफ्टवेअर सहसा प्रत्येक डावाआधी सगळी गड्डी नव्याने पिसतं. मग मोजलेल्या पत्त्यांचा पुढच्या डावाशी संबंधच उरत नाही.