काळ्या रंगाचे दोन प्रकार

फ्रान्समधल्या शोवे गुहेतले घोडे सुमारे ३५ हजार वर्षांपूर्वीचे. चित्रकाराने आधी भिंतीवरचा मऊ थर खरवडून पांढरा चुनखडक उघडा केला, मग पाइनच्या कोळशाने रेघ ओढली आणि ती बोटाने पसरवून छटा दिली. उजेड होता मशालींचा.

लास्को गुहेत मात्र काळा रंग बहुतेक मँगनीजच्या खनिजाचा, तांबडा गेरूचा. दगड कुटून त्यांची पूड करायची आणि ती भिंतीवर लावायची. तिथे चरबीवर जळणारे दगडी दिवेही सापडले.

गंमत पुढेच आहे. कोळशात कार्बन असतो, म्हणून शोवेच्या चित्रांचे वय थेट मोजता आले. मँगनीजमध्ये तो नसतो. त्यामुळे लास्कोचे वय आसपास सापडलेल्या कोळशावरून आणि हाडांवरूनच ठरवावे लागते.